नेम धरून सोडवलेलं समीकरण

वाऱ्याच्या दिशेला समांतर धरलेल्या पातळ, गुळगुळीत पत्र्यावरून हवा वाहते, तेव्हा पत्र्याला चिकटलेली हवा जागची हलत नाही. तिचा वेग शून्य असतो. तिथून जरा वर गेलं की वेग वाढत जातो आणि काही मिलिमीटर उंचीवर मोकळ्या वाऱ्याइतका होतो. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्याची कल्पना मांडली. त्यांचे विद्यार्थी हाइनरिक ब्लासियस यांनी १९०८ साली सपाट पत्र्यासाठी हा सगळा प्रश्न एका छोट्या समीकरणात आणून ठेवला:

f''' + ½ f f'' = 0

यातल्या तीन राशी ओळखून घेऊ. f म्हणजे पत्र्यापासून त्या उंचीपर्यंत साठत गेलेला प्रवाह. f' म्हणजे तिथल्या हवेचा वेग, मोकळ्या वाऱ्याच्या तुलनेत. f'' म्हणजे तो वेग उंचीबरोबर किती झपाट्याने वाढतो, त्याचा चढ. समीकरण एवढंच सांगतं की वर जाताना चढ कमी होत जातो आणि खाली जितका प्रवाह साठला असेल तितका तो भरभर कमी होतो. उंची मोजण्याचं माप वाऱ्याचा वेग, हवेचा चिकटपणा आणि पत्र्याच्या पुढच्या कडेपासूनचं अंतर यांवरून ठरतं. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात, कडेपासून अर्ध्या मीटरवर, हे एकक साधारण १.२ मिलिमीटर भरतं.

पत्र्यापासून एकेक पाऊल वर चढत हे समीकरण सोडवता येतं. रुंग आणि कुट्टा या जर्मन गणितज्ञांची अशी पावलं टाकण्याची पद्धत तेव्हा उपलब्ध होतीच. मात्र पहिलं पाऊल टाकायला तिन्ही राशींच्या सुरुवातीच्या किमती हातात लागतात. पत्र्यापाशी साठलेला प्रवाह शून्य, वेगही शून्य, पण चढ किती? तो कुणी दिलेला नाही. त्याऐवजी दुसऱ्या टोकाची एक अट दिली आहे: खूप उंचावर वेग १ झाला पाहिजे. दोन अटी खाली आणि एक वर, असा हा द्विबिंदू सीमामूल्य प्रश्न आहे.

इथे शूटिंग मेथड कामी येते. तोफखान्यात पहिला गोळा लक्ष्याच्या पुढे पडला, तर तोफेचा कोन बदलून दुसरा सोडतात आणि दोन्ही कुठे पडले ते पाहून तिसऱ्याचा कोन ठरवतात. इथे कोनाच्या जागी न दिलेला चढ आहे. तो अंदाजाने धरायचा. मग सगळ्या किमती सुरुवातीलाच हातात असतात आणि उरतो तो साधा प्रारंभमूल्य प्रश्न. तो वरच्या टोकापर्यंत सोडवायचा, वेग किती चुकला ते पाहायचं आणि अंदाज सुधारून पुन्हा खालून सुरुवात करायची.

प्रत्यक्ष करून पाहू. ‘खूप उंच’ म्हणजे १० एककं धरू आणि पाऊल ०.१ चं ठेवू. चढ ०.५ धरला, तर पहिल्या पावलानंतर वेग ०.०५ होतो. चढ जवळजवळ तसाच राहतो, कारण खाली प्रवाह अजून साठलेलाच नाही. पुढे प्रवाह साठतो, चढ ओसरतो आणि वेग स्थिरावतो, पण १.३१४ वर. म्हणजे नेम वरून गेला. चढ ०.२ धरला तर वेग ०.७१३ वर थांबतो. हा नेम खाली पडला. उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता या दोन नेमांमधून सरळ रेषा ओढायची आणि ती वेग १ ला कुठे छेदते ते पाहायचं. उत्तर येतं ०.३४३३. तो धरून पुन्हा वर गेलं की वेग १.०२२ मिळतो. ०.५ आणि ०.३४३३ यांतून पुन्हा रेषा ओढली की चढ ०.३३१२ आणि वेग ०.९९८. आणखी एक रेषा ओढली की चढ ०.३३२०६, आणि या वेळी वेग १ वर येऊन बसतो. पाच नेमांत चार-पाच अंकांपर्यंत पक्कं उत्तर मिळालं. दर वेळी चूक आधीच्यापेक्षा खूप झपाट्याने घटते; या पद्धतीतलं खरं बळ मला तिथेच दिसतं.

या आकड्यावरून पत्र्यावरची ओढ काढता येते. त्याच वाऱ्यात १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब पत्रा धरला, तर दोन्ही बाजूंची मिळून ओढ साधारण ५ ग्रॅम वजनाइतकी भरते, आणि मागच्या कडेशी सीमास्तर सुमारे ६ मिलिमीटर जाड असतो. सीमास्तर शांत, गुळगुळीत असेल तोपर्यंतच हा हिशोब चालतो. तो खळबळू लागला की समीकरणच बदलतं.

आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. वरचं टोक १० ऐवजी १२ धरलं तर आकडा हलता कामा नये. तेच टोक ३ धरलं असतं, तर वेग अजून वाढत असतानाच आपण थांबलो असतो आणि तरीही नेम बिनतक्रार ‘लागला’ असता, तोही चुकीच्या चढावर. दुसरं म्हणजे पाऊल निम्मं करून पाहायचं. तेव्हाही आकडा तोच यायला हवा. अंदाजही सुचेल तो धरून चालत नाही. चढ उणे ०.३३२ धरला, तर सहा एककं उंची गाठायच्या आतच उत्तर अनंताकडे झेपावतं आणि वरच्या टोकाला तुलना करायला काही उरतच नाही.

याच समीकरणाबद्दल एक सुंदर गोष्ट १९१२ साली ट्योप्फर यांनी दाखवली. चढ आठपट केला, तर शेवटचा वेग बरोबर चौपट होतो, अशी या समीकरणाची घडण आहे. त्यामुळे चढ १ धरून एकदाच नेम मारायचा. वेग येतो २.०८५४. त्याचं वर्गमूळ काढून त्याच २.०८५४ ने गुणलं आणि १ ला त्या गुणाकाराने भागलं, की ०.३३२०६ थेट हातात पडतो. दुसरा नेम लागतच नाही. अशी सोय फार थोड्या समीकरणांत असते.

बहुतेक ठिकाणी उलट अडचण येते. y'' = 100y हे निरुपद्रवी दिसणारं समीकरण घ्या. हवेत उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्टीचं तापमान अशाच समीकरणाने चालतं. एका टोकाला y ची किंमत १ आणि ४ एककं दूरच्या टोकाला ० हवी आहे. खरं उत्तर शांतपणे उतरत जातं. पण सुरुवातीच्या चढात राहिलेली बारीकशी चूक दूरच्या टोकाला सुमारे १२ वर १५ शून्यं इतक्या पटींनी फुगते. संगणक सोळाएक अंकांपर्यंतच हिशोब धरतो, म्हणून योग्य चढ त्याला लिहितासुद्धा येत नाही. चढातला शेवटचा अंक एकाने हलला की वरच्या टोकाची किंमत कुठल्या कुठे जाते. नेम बदलत राहावा आणि वरचं टोक वेडंवाकडं उड्या मारत राहावं, ही या दुखण्याची खूण.

त्यावर उपाय म्हणजे अंतराचे तुकडे पाडणं. चार एककांचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला किंमत आणि चढ वेगळे धरायचे, प्रत्येकातून छोटा नेम मारायचा आणि शेजारचे तुकडे सांध्यापाशी जुळावेत म्हणून सगळे अंदाज एकदम सुधारायचे. एका तुकड्यात चूक फार तर हजारांच्या पटीत वाढते, तेवढी संगणकाला सहज पेलते. अज्ञात एकावरून सातावर जातात, पण प्रत्येक नेम जवळचा असतो.