एका अक्षरानं अडवलेला पडदा

२०२१ साली तालुक्याच्या गावी मामांचा सायबर कॅफे नव्यानं उभा करायचं काम माझ्याकडे आणि माझ्या मित्राकडे आलं. मामा म्हणजे कॅफेचे मालक. सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. कॅफेत गेम कोणी खेळत नाही. सातबारा काढायचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, हॉलतिकीट छापायचं, असं काम. सहा मशीन हव्या होत्या आणि बजेट आवळलेलं होतं. तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग आणून आम्हीच जोडायचे, असं ठरलं.

यादी सोपी होती. एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, बरा एसएमपीएस आणि साधा कॅबिनेट. मॉनिटर मामांकडे जुनेच होते, निळ्या व्हीजीए केबलचे. प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय-थ्री. लॅमिंग्टन रोडला दुकानदारानं दोन प्रकार समोर ठेवले, i3-10100 आणि i3-10100F. दोन्हींत चारच कोअर, वेग तोच, सॉकेटही तोच. किमतीत मात्र एका नगामागे बावीसशे रुपयांचा फरक. सहा नगांचे तेरा हजार दोनशे वाचत होते. तेवढ्यात एक चांगला प्रिंटर येतो, हे मामांना सांगायच्या आनंदात आम्ही एफवाले सहा खोके बांधून घेतले.

खरं तर एक शंका मला आली होती. मी मित्राला विचारलं, ‘‘एफमध्ये ग्राफिक्स नाही म्हणतात, चालेल ना?’’ तो म्हणाला, ‘‘अरे, आपल्याला कुठे गेम खेळायचेत? बोर्डला व्हीजीए आहे, एचडीएमआय आहे. ऑनबोर्डवर भागेल.’’ मलाही ते पटलं.

त्याचं म्हणणं उगाच नव्हतं. तो हे काम शिकला तेव्हा बाजारात जी३१, जी४१ चिपसेटचे बोर्ड होते. त्या बोर्डांवर प्रोसेसरशेजारी एक वेगळी चिप असायची आणि पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग त्या चिपमध्ये असायचा. सॉकेटात प्रोसेसर कोणताही बसवा, बोर्डाच्या पोर्टातून चित्र येणारच. ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’ हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता. २०१० च्या सुमारास इंटेलनं तो भाग बोर्डावरून उचलून प्रोसेसरच्या तुकड्यात आणला आणि २०११ च्या पिढीत तो प्रोसेसरच्या चिपमध्येच कोरला गेला. बोर्डाच्या पाठीमागची पोर्टं मात्र होती तिथेच राहिली. आता ती नुसती नळाची तोटी आहे. पाणी येतं ते प्रोसेसरमधून. शब्द जुनाच राहिला आणि त्याखालची वस्तू बदलली. आमच्यासारखी हातानं शिकलेली माणसं नेमकी इथे फसतात.

पहिली मशीन आम्ही संध्याकाळी जोडली. बटण दाबलं, पंखा फिरला, एसएसडीला वीज मिळाली. मॉनिटरवर मात्र No Signal. अशा वेळी जो क्रम असतो तो आम्ही धरला. मॉनिटर मामांच्या जुन्या मशीनला लावून पाहिला, तिथे व्यवस्थित चालला. केबल बदलली. रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली, मग दुसऱ्या खोक्यातली रॅम लावली. बायोसचा सेल काढून पुन्हा बसवला. प्रोसेसर उचलून सॉकेटातल्या पिना मोबाइलच्या उजेडात तपासल्या. एकही वाकलेली नव्हती. रात्री अकराला बोर्डच खराब आला असणार म्हणून दुसरी मशीन उघडली. तीही तशीच. दोन बोर्ड सारख्याच प्रकारे बिघडलेले येणं जवळजवळ अशक्य असतं. तिथे आम्ही हात थांबवले.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे होते : प्रोसेसर, रॅम, व्हीजीए, बूट. मशीन सुरू होताना बोर्ड एकेक भाग तपासत पुढे जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा पेटलेला राहतो. आमचा व्हीजीएवर अडला होता. म्हणजे प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, चित्र काढणारंच कोणी सापडत नाही. मित्रानं प्रोसेसरचा रिकामा खोका हातात घेतला. त्यावर स्पष्ट छापलेलं होतं की वेगळं ग्राफिक्स कार्ड आवश्यक आहे. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतही पोर्टांच्या तक्त्याखाली बारीक टाइपात तेच होतं : ही पोर्टं ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरबरोबरच चालतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘पोर्ट बघितलं रे आपण. त्याच्यामागे काय आहे ते नाही बघितलं.’’

सकाळी शेजारच्या एका पोराकडून वेगळी वायर न लागणारं छोटं ग्राफिक्स कार्ड तासाभरासाठी आणलं. ते बसवून मॉनिटरची केबल कार्डाला लावली आणि पहिल्याच झटक्याला चित्र आलं. बाकी एकही भाग सदोष नव्हता.

एफ म्हणजे वाईट माल नव्हे, हे इथे सांगायला हवं. इंटेलनं हा प्रकार २०१९ मध्ये आणला. त्यात ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो. ज्याला गेमसाठी किंवा व्हिडिओसाठी तसंही मोठं कार्ड लावायचंच आहे, त्याचे पैसे त्यात खरोखर वाचतात. कॅफेसाठी मात्र हिशोब उलटतो. त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांची टंचाई होती आणि जीटी ७१० सारखं अगदी साधं कार्डही आम्हाला साडेचार हजारांना पडत होतं. सहांचे सत्तावीस हजार. तेरा वाचवायला सत्तावीस घालायचे!

एएमडीकडे अक्षरांची रीत वेगळी आहे. रायझनच्या ३००० ते ५००० या मालिकांत शेवटी जी असेल तर ग्राफिक्स आहे, नसेल तर सहसा नाही. डेस्कटॉपच्या ७००० मालिकेत मात्र अक्षर नसलेल्यांतही साधं ग्राफिक्स येतं आणि एफ असेल तर नाही. अक्षरांवर सगळा भरवसा टाकू नये, कंपनीच्या माहितीपानावर ‘ग्राफिक्स’ ही ओळ उघडून पाहावी. ती ओळ रिकामी असेल तर बोर्डाची पोर्टं शोभेची. आणि सहा मशीन करायच्या असल्या तरी आधी एकाचेच भाग आणून ती चालवून बघावी. आमचे दोनच खोके फुटले, कारण आम्ही दुसऱ्यावर थांबलो.

मामांना आम्ही त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘‘फॉर्मची मुदत जवळ आलीय, पोरांनो.’’ न फोडलेले चार प्रोसेसर दुकानदारानं वरचे पैसे घेऊन बदलून दिले. सील तुटलेले दोन तो घेईना, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्या दोन मशीनना आम्ही जीटी ७१० लावली. ते नऊ हजार आम्ही आमच्या मजुरीतून वळते केले.

आठवड्यानं मामांचा फोन आला : पाच नंबरची मशीन बंद पडली, No Signal. गेलो तर झाडताना केबल निघाली होती आणि कुणीतरी ती पुन्हा लावताना वरच्या पोर्टात, बोर्डाच्या पोर्टात खोचली होती. मित्रानं ती खालच्या कार्डात लावली. मग खिशातून काळी चिकटपट्टी काढली, पाच आणि सहा नंबरच्या बोर्डांची पोर्टं नीट झाकली, आणि कार्डाच्या पोर्टाशेजारी पांढऱ्या पेननं एक बाण काढला.