आधी पाण्यात, मग पेल्यात

फालुद्याच्या दुकानात कोरडा सब्जा गिऱ्हाइकाच्या नजरेला सहसा पडत नाही. तो आधीच भिजवून स्टीलच्या पातेल्यात तयार ठेवलेला असतो. ऑर्डर आली की पळीभर सब्जा उंच पेल्याच्या तळाशी जातो, त्यावर गुलाबाचं सरबत, मग शेवया, थंडगार दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं ‘बादशाह’ १९०५ पासून चालू आहे आणि तिथला फालुदा प्यायला आजही लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. पारशी घरांत २१ मार्चला जमशेदी नवरोजच्या दिवशी फालुदा होतो, म्हणजे नेमका उन्हाळा तापू लागताना. हा पदार्थ इराणहून आला. पण शिराझ शहरातला फालुदा म्हणजे बर्फाळ साखरपाण्यातल्या बारीक शेवया, गुलाबपाणी आणि लिंबू. दूध, आइस्क्रीम आणि सब्जा हा त्याचा आपल्याकडचा थाट.

घरी मात्र सब्जा बऱ्याचदा घाईत पडतो. पाहुणे दारात, लिंबाचं सरबत तयार, त्यात चमचाभर कोरडं बी भुरभुरवलं की झालं, असं वाटतं. पाच मिनिटांनी पेल्यात काही दाणे फुगलेले, काही तसेच कडक, आणि तळाशी एक चिकट गुठळी. पुढे पोट जड झालं की ठपका सब्जावर येतो. खरं तर या बियांबद्दलच्या बहुतेक तक्रारी दोन जागी जातात: भिजवण्यातली घाई, किंवा त्याच पेल्यातला दुसराच एखादा पदार्थ.

सब्जा म्हणजे गोड तुळशीचं बी. देवघरापुढच्या तुळशीची ही चुलत बहीण. काही दुकानांत हेच बी ‘तुकमरिया’ नावाने मिळतं. दाण्याच्या सालीत एक बुळबुळीत, पाणी धरणारा पदार्थ वाळलेल्या अवस्थेत दडलेला असतो. पाणी लागताच तो फुलतो आणि काळ्या दाण्याभोवती निळसर पांढरं, पारदर्शक कवच तयार होतं. हे कवच म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंची जेली. आतला काळा दाणा मात्र भिजल्यावरही थोडा कुरकुरीत राहतो, आणि फालुद्यातली मजा त्यातच आहे.

चार पेल्यांसाठी चहाचे दोन चमचे कोरडा सब्जा पुरतो. आधी तो पांढऱ्या ताटलीत पसरून खडे, काड्या निवडून घ्याव्यात. तांदळासारखा चोळून धुवायला गेलं तर हातातच चिकट लगदा होतो. मग मोठ्या वाडग्यात दोन वाट्या साधं किंवा किंचित कोमट पाणी घ्यायचं आणि बी त्यात एका जागी न ओतता भुरभुरवायचं. पहिलं मिनिट महत्त्वाचं. तेवढ्यात चमच्याने सतत ढवळलं नाही तर दाणे एकमेकांना चिकटतात, बाहेरच्यांची जेली होते आणि गुठळीच्या पोटात कोरडे दाणे अडकून बसतात. पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळावं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. झालं की नाही हे बघायचं असेल तर चमच्यात थोडा सब्जा उजेडाकडे धरावा: प्रत्येक दाण्याभोवती सारखं कवच दिसलं पाहिजे आणि दाणे सुटे हलले पाहिजेत. दोन बोटांत धरलेला दाणा निसटला पाहिजे. मधेच नुसता काळा, खरखरीत दाणा लागला तर आणखी दहा मिनिटं थांबावं. मग बारीक गाळणीतून जास्तीचं पाणी काढून तो सरबतात किंवा दुधात घालावा.

थेट दुधात किंवा गोड सरबतात सब्जा का भिजवू नये, याचं कारण सरळ आहे. साखर पाणी धरून ठेवते, दाट दुधातही दाण्याला मोकळं पाणी कमी मिळतं, त्यामुळे फुगणं रेंगाळतं आणि अर्धवट राहतं. कोकम सरबत, पन्हं, लिंबू सरबत, सगळ्यांना एकच नियम: आधी साध्या पाण्यात, मग पेल्यात. भिजवलेला सब्जा झाकून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकतो. आंबूस वास आला की टाकून द्यावा.

कोरडं बी गिळण्याचा धोका किरकोळ मानू नये. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एका ३९ वर्षांच्या माणसाची हकिगत मांडली गेली. त्याने चमचाभर कोरडं चिया बी तोंडात टाकलं आणि वरून पेलाभर पाणी प्यायलं. बी अन्ननलिकेतच फुगलं, वाट बंद झाली आणि डॉक्टरांना दुर्बीण घालून तो जेलीचा बोळा काढावा लागला. त्या माणसाला आधीपासूनच अधूनमधून घास अडकण्याचा त्रास होता. चिया हे वेगळ्या झाडाचं बी, करड्या-तपकिरी ठिपक्यांचं आणि फुगायला सब्जापेक्षा जास्त वेळ घेणारं. पण फुगण्याची रीत तीच, आणि सब्जा तर त्याहून झटपट फुगतो. लहान मुलं, गिळायला त्रास होणारे वृद्ध आणि ज्यांचा घास वरचेवर अडकतो अशा माणसांना सब्जा द्यायचाच तर पूर्ण भिजलेला, थोडा आणि पातळ पेयातून द्यावा. प्यायल्यावर छातीत काही अडकल्यासारखं वाटलं आणि लाळही गिळता येईना, तर वरून पाणी पाजत बसू नये. थेट दवाखाना गाठावा.

आता गॅस. सब्जातले तंतू आपण पचवू शकत नाही. ते लहान आतड्यातून तसेच पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांतला काही भाग आंबवतात. त्यातून वायू होतो. ज्यांच्या रोजच्या जेवणात भाजी, डाळ, भाकरी भरपूर आहे त्यांना चमचाभर सब्जा जाणवतही नाही. एरवी मैद्यावर आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याने एकदम दोन मोठे चमचे घेतले तर पोट गुडगुडणारच. अशा माणसाने चहाच्या अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी आणि आठवडाभराने वाढवावं.

पण फालुदा प्यायल्यावर झालेला गॅस सब्जाचाच, हे कशावरून? समजा, एका माणसाने रात्री नऊला मोठा फालुदा घेतला. त्यात पेलाभर दूध, आइस्क्रीम, शेवया, भरपूर गुलाबाचं सरबत आणि दोन चमचे भिजलेला सब्जा. दहाच्या सुमाराला पोट फुगलं, कळा आल्या आणि झोपण्याआधी पातळ शौचाला जावं लागलं. इथे घड्याळ बघावं. तंतू मोठ्या आतड्यापर्यंत पोचून आंबायला साधारणपणे काही तास लागतात. अर्ध्या ते दोन तासांत त्रास सुरू झाला आणि सोबत जुलाबही असले, तर पहिला संशय दुधातल्या साखरेवर घ्यावा. मोठेपणी ती साखर पचवण्याची ताकद आपल्याकडे पुष्कळ लोकांत कमी होते. दही-ताक चालतं, पण पेलाभर दूध चालत नाही, अशी माणसं घरोघरी असतात. पडताळा सोपा आहे. चार दिवसांनी तेवढाच सब्जा लिंबाच्या सरबतात घ्यावा, सोडा न घालता. त्रास झाला नाही तर सब्जा निर्दोष. आणखी काही दिवसांनी नुसतं तेवढंच दूध पिऊन बघितलं की उरलेली शंकाही मिटते.

याच्या उलट, सब्जाने ॲसिडिटी ‘मारली जाते’ हा समजही तपासून घ्यायला हवा. सब्जा आम्ल निष्प्रभ करत नाही. थंड, बुळबुळीत पेयाने घशाला आणि छातीला थोडा वेळ बरं वाटतं, एवढंच. रोज जळजळ होत असेल तर तिचं कारण डॉक्टरकडे शोधावं.

गरोदर बाईच्या हातात फालुद्याचा पेला दिसला की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, “सब्जा नको गं, बाधेल.” या भीतीला एक धागा आहे. गोड तुळशीच्या पानांतल्या सुगंधी तेलात एस्ट्रागोल नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे हे तेल किंवा पानांचे अर्क औषध म्हणून गरोदरपणात घेऊ नयेत, असं जर्मनीच्या वनौषधी तपासणाऱ्या सरकारी समितीनेही सांगितलं होतं. पण तो इशारा पानांचा आणि तेलाचा. भिजवलेलं बी म्हणजे मुख्यतः जेली, तंतू आणि थोडं साधं स्निग्ध तेल. गरोदर स्त्रियांवर सब्जाच्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, म्हणून चूर्ण, काढे, रोजचे मोठे डोस टाळलेले बरे; सरबतातला चमचाभर भिजलेला सब्जा हा मात्र अन्नाचाच भाग आहे. रक्तस्राव, आधीचा गर्भपात किंवा दुसरी काही गुंतागुंत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

उलट या दिवसांत तो उपयोगीही पडतो. गरोदरपणात आतड्यांची हालचाल मंदावते, त्यात लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध वाढतो. भिजलेला सब्जा आणि दिवसभर पुरेसं पाणी यांनी शौचाला सोपं जातं. वेळ मात्र सांभाळावी. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ते नीट शोषलं जावं म्हणून सब्जा, दूध आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळेपासून दोन तास तरी लांब ठेवावी. सकाळी अनशापोटी सब्जाचं पाणी पिण्याची हल्ली पद्धत आहे; थायरॉइडची गोळी त्याच वेळी घ्यायची असते, आणि गरोदरपणात ती पुष्कळ जणींना चालू असते. दोन्ही एकत्र गेलं तर गोळी कमी लागू पडण्याची शक्यता असते. दुपारी चारचं सरबत दोघांनाही सोयीचं. गरोदरपणातला मधुमेह असेल तर सब्जा साखरेचं शोषण थोडं हळू करतो म्हणून फालुदा चालेल, असं समजू नये. सरबताची साखर आणि शेवयांचा स्टार्च तितकाच राहतो.

खरी काळजी बर्फाची करायला हवी. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ही कावीळ पसरते. इतरांना ती बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २० ते २५ टक्के स्त्रियांचा जीव जाऊ शकतो. विषमज्वराचाही मार्ग हाच. मासे, फळं थंड ठेवायचा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायला सांगितलं. तरीही पांढरा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे पेल्याकडे बघून कळत नाही. त्यामुळे सातव्या महिन्यात फालुद्याची इच्छा झाली तर तो घरीच करावा: उकळून गार केलेलं पिशवीचं दूध, उकळून गार केलेल्याच पाण्यात भिजवलेला चहाचा एक चमचा सब्जा, थोड्या शेवया, चमचाभर गुलाबाचं सरबत, आणि बर्फ न घालता पेला तासभर फ्रिजमध्ये.