नाव कावळ्यांचं, गोष्ट हंसांची

जिम हेन्सन यांच्या ‘द स्टोरीटेलर’ या १९८०च्या दशकातल्या मालिकेतला ‘द थ्री रेवन्स’ हा भाग नातीबरोबर पाहिला. ती म्हणाली, “आजी, ही ग्रिमबंधूंची सात कावळ्यांची गोष्ट ना?” नावावरून मलाही तसंच वाटलं. पण नर्सिंगमध्ये आम्ही केसपेपरवरच्या नावापेक्षा लक्षणं बघायचो. तसंच केलं.

सात कावळ्यांच्या गोष्टीत बापाच्या शापाने मुलं पक्षी होतात. बहीण काचेच्या डोंगरापर्यंत जाते आणि दार उघडायला आपलंच बोट कापते. या भागात त्यातलं काही नाही. इथे सावत्र आई जादू करते, भावांसाठी बहीण तीन वर्षांहून जास्त मुकी राहते, तिची बाळं नाहीशी होतात, तिला जाळायला नेतात, आणि शेवटी धाकट्या भावाचा एक पंख तसाच राहतो. ही तर ग्रिमबंधूंची सहा हंसांची गोष्ट!

मात्र मूळ गोष्टीत सदऱ्याची एक बाही शिवायची राहते, म्हणून पंख उरतो. मालिकेत बहीण तीन मिनिटं आधी बोलते, म्हणून.

तेव्हा गोष्ट ओळखताना पक्षी मोजू नका. शाप कोणी दिला आणि तो उतरवायला काय सोसावं लागलं, ते बघा.