सातेरीचा पावसाळा

जांभळाच्या मधाचा हिशेब पावसाळ्यात ठरतो. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर फुलोरा जवळजवळ नसतो आणि सततच्या पावसात माशी बाहेर पडू शकत नाही. आपली सातेरी माशी उपासमार झाली की पेटी सोडून निघून जाते. नवा मधपाळ पहिली वसाहत बहुधा अशीच गमावतो.

म्हणून पावसाच्या तोंडावर वरची मधकोठी काढून घ्यायची, म्हणजे माश्या खालच्या पिलाव्याभोवती एकवटतात आणि रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरत नाही. साखर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन पाक करायचा आणि गार झाल्यावर संध्याकाळी पेटीच्या आत ठेवायचा. तो बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लूट करायला येतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. फुलोरा सुरू झाला की पाक बंद, नाहीतर तोच मधात उतरतो.

चार पेट्यांचा हिशेब मांडू. वसाहतीसह पेटी पाच हजारांना धरली तर वीस हजार. मध काढायचे यंत्र, धुराडे, जाळीची टोपी मिळून आणखी आठ हजार. पहिले वर्ष वसाहती वाढवण्यातच जाते. दुसऱ्या वर्षी एक पेटी रिकामी झाली आणि उरलेल्या तिघींनी सहा-सहा किलो दिले, तर अठरा किलो मध. सहाशे रुपयांनी घरगुती गिऱ्हाइकाला विकला तर 10,800 रुपये. व्यापाऱ्याला तीनशेने दिला तर त्याच्या निम्मे. पेटीमागे तीस-चाळीस किलोचे आकडे ऐकू येतात, पण ते मेलिफेरा माशीचे आणि पेट्या फुलोऱ्यामागे फिरवणाऱ्यांचे असतात.

जांभळाचा मध एप्रिल-मेमध्ये येतो. चौकट उचलून उन्हाकडे धरावी. घरांवर मेणाचे पांढरे झाकण तीन चतुर्थांश भागात दिसले तरच ती काढायची. उघड्या घरांतला मध पातळ असतो. बाटलीत तो फेसाळतो, आंबतो, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. पोळे पिळायचे नाही. यंत्रात फिरवून मध निघाला की तीच चौकट माश्यांना परत द्यायची. विक्रीसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती आधीच करून ठेवावी.

नुसत्या आंब्याच्या बागेवर मात्र भिस्त ठेवू नका. मोहरातून मधमाशीला फारसे मिळत नाही, शिवाय तुडतुड्यांसाठी मारलेले औषध तिलाही मारते. आसपास जांभूळ, हिरडा, गेळा असेल तरच पेटी ठेवावी.

महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तिथे वैयक्तिक मधपाळांसाठी दहा दिवसांचे प्रशिक्षण चालते. पुण्यातही केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेटी घेण्याआधी प्रशिक्षण घ्या आणि एखाद्या जुन्या मधपाळाबरोबर पावसाळ्यात पेटी उघडून पाहा. उपाशी वसाहत हातात उचलल्याबरोबर हलकी लागते.