पुसलेल्या तारा

निजामपुऱ्याच्या गल्लीत मान वर केली की आभाळाच्या आधी तारा दिसतात: विजेच्या, केबलच्या, इंटरनेटच्या. त्याच गल्लीतल्या एका घराच्या नव्या एलिव्हेशनचं चित्र मालकाच्या हातात पाहिलं, तर त्यात एकही तार नव्हती. खालचा टेम्पो नव्हता, शेजारची टाकी नव्हती. हे सगळं गेलं कुठे, ते बघायला मी चित्र करणाऱ्या मुलाच्या ऑफिसात जाऊन बसलो.

त्या दिवशी त्याच्यापुढे काम तळमजला अधिक दोन मजल्यांच्या घराचं होतं. खाली दुकान, वर राहतं घर. गल्ली अरुंद असल्याने फोटो मोबाइल वर करून काढलेला, त्यामुळे भिंती माथ्याकडे आत झुकलेल्या. त्याने आधी भिंती सरळ केल्या, मगच पुसायला घेतलं. हा क्रम तो मोडत नाही. भिंती सरळ झाल्या की वरच्या मजल्याची खिडकी खालच्या खिडकीवर जवळजवळ चपखल बसते आणि खाली तारेने झाकलेला भाग वरून उचलून आणता येतो.

आभाळावरची तार झटक्यात जाते. भिंतीवरचीही जाते: Clone Stamp घ्यायचा, Alt दाबून शेजारचा रंग उचलायचा, एका टोकाला क्लिक, दुसऱ्या टोकाला Shift धरून क्लिक. अडतं ते तार खिडकीच्या ग्रिलवरून जाते तिथे. आपोआप भरायला सोडलं तर ग्रिलच्या सळ्या एकमेकींत वितळल्यासारख्या होतात. तिथे तो फोटो मोठा करून एकेक सळई हाताने जोडत होता.

आणि सावली! तार पुसली तरी सकाळच्या उन्हात तिची भिंतीवर पडलेली बारीक तिरपी रेघ मागे राहते. मळकट पिवळ्या भिंतीवर ती कुणाच्या लक्षात येत नाही. नवा पांढरा रंग चढवला की तीच रेघ तडा गेल्यासारखी उठून दिसते. म्हणून तो पुसलेली भिंत मुद्दाम थोडी गडद करून, कॉन्ट्रास्ट वाढवून एकदा तपासतो.

टेम्पोचं दुखणं वेगळं. कापडाचे तागे उतरवायला उभ्या राहिलेल्या त्या टेम्पोने शटरचा खालचा भाग आणि ओटा झाकला होता. शटरच्या पट्ट्या सारख्याच, त्या खाली वाढवता येतात. ओट्याची उंची मात्र फोटोत कुठेच नसते. ती मनाने ठरवली तर पायऱ्या चुकतात आणि पावसात पाणी भरणाऱ्या भागात ओट्याची उंची ही दिखाव्याची बाब नाही. त्याने टेप देऊन ऑफिसातल्या पोराला पाठवलं, माप आलं, मग पायऱ्या काढल्या. शेजारची टाकी आणि एसीचा डबा चटकन गेला. शेजाऱ्याची भिंत मात्र त्याने फिकी करून ठेवली. घर मोकळ्या मैदानात उभं असल्यासारखं दाखवणारी चित्रं त्याला मान्य नाहीत. मलाही नाहीत.

तारा पुसण्याआधी त्याने एक गोष्ट केली होती. वेगळ्या लेयरवर प्रत्येक विजेची तार लाल रेघेने गिरवून ठेवली होती. मी कारण विचारलं. ‘‘चार फूट,’’ तो म्हणाला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरगुती दाबाची उघडी तार इमारतीच्या कुठल्याही भागापासून आडव्या अंतरात किमान 1.2 मीटर दूर लागते, म्हणजे चार फूट. 11 केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेलाही आडवं अंतर तेवढंच. त्यापुढे 33 केव्हीपर्यंत 2 मीटर. मालकाला पहिल्या मजल्यावर तीन फूट पुढे आलेली गॅलरी हवी होती आणि त्याच उंचीवरून उघडी तार जात होती. तारेच्या बरोबर खाली रस्त्यावर खूण करून त्या पोराने भिंतीपर्यंत जमिनीवरच टेप धरला. तारेजवळ टेप न्यायचाच नाही. अंतर पाच फूट भरलं. गॅलरी काढली तर उरतात दोन. उभं माणूस हात लांब करेल तेवढंच.

पुसलेल्या फोटोत तिथे ऐसपैस जागा दिसते. मालक तेच म्हणत होते, ‘‘अरे, चित्रात तर भरपूर जागा आहे.’’ मुलाने वाद घातला नाही. नव्या एलिव्हेशनवर लाल रेघांचा लेयर चालू केला. एक रेघ गॅलरीच्या कठड्याला जवळजवळ लागून गेली होती.

‘‘चार फूट पाहिजेत, चाचा. लाइन हलवायची तर वीज कंपनीकडे अर्ज करा, ती हलली की गॅलरी काढून देतो.’’

मालक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. अर्जाला किती दिवस लागतील, असं विचारलं, मग गॅलरी रद्द केली. तिच्या जागी भिंतीला धरून एक फुटाचा छज्जा आणि भिंतीलगत ग्रिल आलं: पाचातून एक वजा, चार फूट बरोबर. छपाईला दोन प्रती गेल्या, मालकाची तारांविना, मिस्त्रीची लाल रेघांसकट.