बाबांच्या कपाटातलं सर्टिफिकेट

दिवाळीची साफसफाई आणि सोलापूरच्या घरातल्या कपाटातून निघालं बाबांचं जुनं कागदी शेअर सर्टिफिकेट. समजा, ते गावातल्याच बालाजी अमाइन्सचं आहे. आता पुढे काय?

कंपनीच्या इन्व्हेस्टर रिलेशन्स विभागाला चार ओळींचं पत्र टाका. त्यात फोलिओ नंबर, सर्टिफिकेटवर छापलंय तसंच नाव आणि सही बाबांचीच. मागण्या दोनच: ताज्या वार्षिक अहवालाची छापील प्रत आणि रजिस्ट्रारचा सध्याचा पत्ता. शेअरधारकाने मागितली तर छापील प्रत द्यावीच लागते, सेबीचा नियमच आहे.

'सध्याचा' हा शब्द विसरू नका. रजिस्ट्रार बदलतात, त्यांची नावंही बदलतात. लिंक इनटाइम हे मोठं नाव 2024 च्या अखेरीस एमयूएफजी इनटाइम झालं. आणि खरं काम असतं रजिस्ट्रारकडेच. पॅन, बँक खातं, पत्ता नोंदवायचा आयएसआर-1 फॉर्म तिथेच जातो. ही नोंद नसेल तर 1 एप्रिल 2024 पासून कागदी शेअरचा डिव्हिडंड अडकून राहतो. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही, तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ निधीत जमा होतात. ते परत मिळतात, पण वेगळा दावा करून.

म्हणून पत्रात शेवटी एक ओळ वाढवाच: हे शेअर अजून आमच्याच नावावर आहेत ना?