एकट्या पोटाची चरबी उतरत नाही; मग कमरेचा घेर कमी होतो कसा?

उरणच्या मेडिकल स्टोअरमध्ये घाम आणणारे कमरपट्टे मिळतात, मोबाइलवर रोज कुणीतरी जिरे-लिंबाच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवतं, आणि पालकसभा संपली की आमच्या शाळेतल्या आया एकमेकींना विचारतात, "पोटासाठी तू काय करतेस?" प्रश्न खरा आहे. लग्नानंतर, बाळंतपणानंतर किंवा बंदरातल्या शिफ्टच्या नोकरीत काही वर्षं काढल्यावर हातपाय तसेच राहतात आणि पोट तेवढं पुढे येतं. मग वाटतं, जिथे वाढलंय तिथलंच कमी करू. शरीराचं काम मात्र तसं चालत नाही.

चरबी पेशींमध्ये साठलेली असते. चालताना, पायऱ्या चढताना स्नायूंना इंधन लागलं की रक्तातल्या हार्मोनमार्फत निरोप जातो, आणि तो अंगभरच्या चरबीपेशींना जातो. त्या पेशी चरबीचे सुटे तुकडे रक्तात सोडतात आणि स्नायू ते रक्तातून उचलतो. म्हणजे पोटाचे स्नायू शेजारच्या चरबीवर हात मारत नाहीत. घरातला दिवा सार्वजनिक तारेवरून वीज घेतो, शेजारच्या घरातून नाही, तसंच हे. कुठल्या भागातली चरबी आधी सुटेल हे वय, बाई की पुरुष, आणि घराण्याची ठेवण यांवर ठरतं. व्यायाम निवडून ते ठरवता येत नाही.

हे तपासूनही झालंय. टेनिसपटू वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळतात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यांच्या दोन्ही हातांच्या त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली. खेळणारा हात स्नायूंमुळे जाड होता, पण चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच निघाला. पुढे २०११ मध्ये बैठं काम करणाऱ्या २४ जणांवर दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम केले आणि खाणं पूर्वीसारखंच ठेवलं. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पण चरबी आणि घेर जिथे होते तिथेच राहिले. उठाबशा वाया जातात असं आम्ही म्हणत नाही. त्या स्नायूसाठी चांगल्या आहेत, पण त्यांनी थर वितळत नाही. पट्ट्याने तर फक्त पाणी जातं, दोन ग्लास पाणी प्यायलं की ते परत येतं.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा होता, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. याज्ञिकांच्या पथकाला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही हेच दिसलं होतं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी बारीक होती, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी टिकून होती.

म्हणून "वजन तर बरोबर आहे" या दिलाशावर आपण थांबू नये. पोटाला दोन ठिकाणी चरबी असते. एक बोटांच्या चिमटीत येते ती, त्वचेखालची. दुसरी स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृताभोवती. साखरेचा आजार आणि हृदयविकार यांच्याशी जास्त संबंध आतल्या चरबीचा आहे, आणि खुशखबर अशी की खाणं आवरलं व चालणं वाढलं की कमी होण्यात तीच पुढे असते. नियमित चालणाऱ्यांमध्ये कधीकधी काटा हलत नाही, तरी आतली चरबी घटलेली असते. त्यामुळे मोजायचंच तर घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध शिंप्याची टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. महिन्यातून एकदा, सकाळी, काही न खाता मोजलं तर पुरे.

कमी करायचं कसं, याचा हिशेब स्वयंपाकघरातच सापडतो. समजा पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपतं. रमजानात तर डबा वीस दिवसांतच तळाला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. हेच तेल साडेतीन लिटरवर आणलं तर माणशी महिन्याला ३०० मिलि वाचतं, म्हणजे साधारण २,५०० कॅलरी. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. त्यातला तिसरा हिस्सा नुसत्या तेलातून निघाला. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर असेल तर ती एक चमचा केली की महिन्याला आणखी २,४०० कॅलरी. पीरवाडीच्या किनाऱ्यावर आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटं भरभर चाललं तर आणखी दोन हजारांच्या आसपास. कागदावर बेरीज जवळजवळ एक किलोची होते. प्रत्यक्षात कमी होतं, कारण वजन घटलं की शरीर खर्चही कमी करतं, आणि चालून आल्यावर भूकही लागते. महिन्याला अर्धा किलो उतरलं तरी काम बरोबर चाललंय असं समजावं.

इथे बहुतेकांचं गाडं अडतं ते भाकरीपाशी. तांदळाची भाकरी बंद करून लोक दोन आठवडे काढतात, काटा झटकन खाली येतो. त्यात बराच भाग पाण्याचा असतो. मग कुणाच्या तरी वलीम्याला बिर्याणी समोर येते आणि सगळं पूर्ववत. आमच्या मते भाकरी तीनऐवजी दोन करा आणि ताटात मासळी, डाळ, अंडं वाढवा. मासळी तव्यावर कमी तेलात किंवा कालवणात. प्रथिनं पुरेशी मिळाली आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा किंवा भिंतीला रेटून जोर काढण्याचा व्यायाम झाला, तर वजन उतरताना स्नायू टिकतात. याज्ञिकांच्या आकड्यांकडे पाहता आपल्याला त्याचीच गरज जास्त आहे.

काही गोष्टी याने बदलणार नाहीत. हाडांची रुंदी, कंबर-मांड्यांची घराण्यातून आलेली ठेवण तशीच राहते. बाळंतपणानंतर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेले असतील, तर चरबी नसतानाही मधला भाग फुगीर दिसतो. पाठीवर झोपून डोकं थोडं उचललं की बेंबीजवळ मधोमध उंचवटा येतो का ते पाहा. येत असेल तर घाईने उठाबशा सुरू न करता फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि हातपाय बारीक होत असताना पोट वाढत असेल, काही आठवड्यांत झपाट्याने फुगलं असेल, कडक गाठ लागत असेल किंवा सोबत पायांवर सूज असेल, तर ती चरबी समजून घरी थांबू नका. पोटात पाणी साचणं, अंडाशयाची गाठ अशी कारणं असू शकतात. डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.